सल्ला हवा: ७४१ च्या बफरमधून मोठी साइन वेव्ह त्रिकोणी का निघते, आणि न बिघडता किती फ्रिक्वेन्सीपर्यंत जाता येईल?

ओंकार_तासगाव

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबसाठी एक सिग्नल पेटी करतोय. आतला साइन वेव्हचा भाग सरांनी आधीच करून ठेवलाय. तो २० व्होल्ट पीक-टू-पीक देतो आणि १०० किलोहर्ट्झपर्यंत स्कोपवर स्वच्छ दिसतो. त्यापुढे १० किलोओहमचा लेव्हल पॉट आहे. पॉटला थेट फिल्टर जोडला की पातळी खाली बसते, म्हणून मध्ये ७४१ या ऑप-अँपचा बफर टाकला. आउटपुट थेट पिन २ ला, इनपुट पिन ३ ला, सप्लाय ±१५ व्होल्ट.

१ किलोहर्ट्झला सगळं छान आहे. २० किलोहर्ट्झला पॉट पूर्ण उघडला की आउटपुट चक्क त्रिकोणी होतं आणि उंचीही कमी भरते. इनपुटला २० व्होल्ट पीक-टू-पीक, आउटपुटला १२.६. इनपुटवर स्कोप लावला तर तिथे साइन व्यवस्थित आहे. डेटाशीटमध्ये बँडविड्थ १ मेगाहर्ट्झच्या आसपास लिहिली आहे, मग २० किलोहर्ट्झला हे का व्हावं? आयसी बदलून पाहिला, तसंच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा आयसी कुठपर्यंत चालेल हे आधीच कसं काढायचं? आणि १०० किलोहर्ट्झपर्यंत पूर्ण २० व्होल्ट हवे असतील तर कुठला आयसी घेऊ? शनिवारी पुण्याला जाणार आहे, तापकीर गल्लीतून आणता येईल.

राजाभाऊ_टीव्ही

सप्लाय तपासा आधी. लोडखाली १५ चे १२ होत असतील. आउटपुट कापलं जातंय, बाकी काही नाही. ७८१५ गरम होतोय का बघा.

ओंकार_तासगाव

काका, सप्लाय पाहिला. दोन्ही बाजूंना १५ आहेत, हलत नाहीत. आणि वेव्हचं डोकं सपाट नाहीये, टोकदार आहे. बाजू सरळ रेषेत आहेत.

मेधा_अ‍ॅनालॉग

ओंकार, तुझं हे शेवटचं वाक्यच निदान आहे. सप्लाय कमी पडला की वेव्हची डोकी सपाट होतात आणि बाजू गोलसर राहतात. तुझ्याकडे उलटं झालंय, डोकं टोकदार आणि बाजू सरळ. ही स्ल्यू रेटची, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त किती वेगानं बदलू शकतं त्या मर्यादेची खूण.

तुझ्याच आकड्यांवरून बघ. २० किलोहर्ट्झचा पूर्ण फेरा ५० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जायला २५ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात आउटपुट १२.६ व्होल्ट चढलं. भागाकार केला की ०.५०४ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद येतात. आता ७४१ च्या डेटाशीटमध्ये स्ल्यू रेटची ओळ काढ, तिथे ०.५ दिसेल. तुझा आयसी उत्तम आहे. त्याला जेवढ्या वेगानं पळता येतं तेवढ्या वेगानं तो पूर्ण वेळ पळतोय, आणि साइन त्याच्यापुढे निघून जातेय.

कारण आत आहे. ७४१ मध्ये स्थिरतेसाठी ३० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर बसवलेला असतो आणि तो भरायला-उपसायला पहिल्या स्टेजमधल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे साधारण १९ मायक्रोअँपिअर एवढाच करंट असतो. इनपुटला कितीही मोठा फरक दे, ती जोडी याहून जास्त करंट देऊ शकत नाही. १९ भागिले ३० केलं की ०.६ च्या वर थोडं येतं, म्हणजे त्याच घरातला आकडा. बँडविड्थचा आकडा हा छोट्या सिग्नलसाठी असतो, जेव्हा ती जोडी या कमाल करंटच्या जवळपासही जात नाही. म्हणून १ मेगाहर्ट्झ खरं आहे, पण १० व्होल्ट पीकला ते तुझ्या उपयोगाचं नाही.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी कर. २० किलोहर्ट्झच ठेव आणि पॉट फिरवून इनपुट २ व्होल्ट पीकवर आण. साइन पुन्हा साइन दिसायला हवी. मग पॉट पूर्ण उघडून ४० किलोहर्ट्झवर जा. माझा अंदाज, आउटपुट ६.३ पीक-टू-पीक होईल आणि पॉट थोडा इकडेतिकडे केलास तरी ते जवळजवळ हलणार नाही.

सुहास_कराड

मेधाताईंशी सहमत. सूत्र असं आहे, स्ल्यू रेट भागिले २ पाय गुणिले व्होल्टेज. ०.५ ला २० व्होल्टनं भागलं आणि २ पायनं भागलं की ४ किलोहर्ट्झ येतात. म्हणजे ७४१ फक्त ४ किलोहर्ट्झपर्यंत. ओंकार, तुझ्या कामाचा नाही.

मेधा_अ‍ॅनालॉग

सुहासजी, सूत्र बरोबर आहे, पण त्यात २० नाही, १० जातात. पीक-टू-पीक नव्हे, पीक. साइनचा चढ शून्यातून जाताना सगळ्यात जास्त असतो आणि तिथे तो २ पाय × फ्रिक्वेन्सी × पीक एवढा भरतो. तो चढ स्ल्यू रेटएवढा झाला की मर्यादा गाठली.

```
f_max = SR / (2 * pi * Vpeak)
      = 0.5e6 / (6.28 * 10)
      = 7960 Hz
```

म्हणजे साधारण ८ किलोहर्ट्झ. मल्टिमीटरचा आरएमएस आकडा घालणारेही भेटतात, त्यांचं उत्तर उलट दिशेला चुकतं, खऱ्यापेक्षा १.४ पट जास्त येतं. ते जास्त धोक्याचं.

सुहास_कराड

मान्य, पीकच हवं. चूक माझी. पण मी म्हणेन की ४ वर थांबणंच शहाणपणाचं. डेटाशीटचा ०.५ हा ठराविक आकडा आहे, हमी नाही.

मेधा_अ‍ॅनालॉग

हे पटतं. ८ ही अशी रेषा आहे जिच्यावर आयसीची पहिली जोडी आपला सगळा करंट ओतून बसलेली असते. तिथे पोचण्याआधीच ती वाकडी वागायला लागते. स्कोपवर डोळ्याला दिसत नाही, पण डिस्टॉर्शन मोजलं तर वाढलेलं सापडतं. फिल्टरचे प्रयोग करायचे असतील तर मी निम्म्यावर थांबेन. ऑडिओसाठी तर तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर.

ओंकार_तासगाव

ताई, दोन्ही करून पाहिलं. २ व्होल्ट पीकला २० किलोहर्ट्झवर सुंदर साइन आली. पॉट पूर्ण उघडून ४० किलोहर्ट्झला ६.२ पीक-टू-पीक. इनपुट १० वरून ८ पीकवर आणलं तरी आउटपुट ६.२ च राहिलं. आकडा आधी सांगून तो तसाच आला, फार भारी वाटलं.

पण ८ किलोहर्ट्झ पटत नाहीये. मी फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत आउटपुटची उंची बघत गेलो. ११ किलोहर्ट्झपर्यंत पूर्ण २० व्होल्ट भरतात, त्यानंतर उंची उतरायला लागते. म्हणजे माझ्या आयसीची मर्यादा ११ धरायची ना?

मेधा_अ‍ॅनालॉग

नाही, आणि हा प्रश्न विचारलास हे फार बरं झालं, कारण उंचीवरून मर्यादा ठरवणारे पुष्कळ जण इथेच फसतात.

८ च्या वर काय होतं ते पायरीपायरीनं पाहू. शून्याजवळ साइनचा चढ आउटपुटला झेपत नाही, म्हणून ते मागे पडतं आणि सरळ रेषेत चढत राहतं. पण साइन पुढे जाऊन टोकाजवळ मंदावते. तिथे मागे पडलेलं आउटपुट तिला गाठतं आणि मग तिच्याबरोबर टोकावरून जातं. म्हणजे बाजू बिघडली, टोक मात्र शाबूत. जोवर हे गाठणं टोकाच्या आत होतंय तोवर उंची कमी होण्याचं कारणच नाही. गणित केलं तर मर्यादेच्या साधारण १.३८ पटीपर्यंत हे चालतं. ८ ला १.३८ नं गुण, ११ येतात. तुझं मोजमाप अगदी बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्याच गोष्टीचं आहे.

त्यापुढे आउटपुट साइनला टोक ओलांडल्यावर गाठतं आणि उंची उतरते. आणि मर्यादेच्या सुमारे १.८६ पटीला, तुझ्याकडे १५ किलोहर्ट्झच्या आसपास, सरळ रेषेचे तुकडे एकमेकांना भिडतात आणि पूर्ण त्रिकोण होतो. २० ला तू तेच पाहिलंस. पूर्ण त्रिकोणात तिसरा हार्मोनिक मूळ लहरीच्या एक नवमांश, म्हणजे ११ टक्के असतो.

८ ते ११ मधला बिघाड पकडायचा असेल तर उंची बघू नकोस. चॅनेल १ ला इनपुट, चॅनेल २ ला आउटपुट, दोघांची स्केल आणि शून्य सारखं, आणि स्कोपला वजाबाकी करायला लाव. ५ किलोहर्ट्झला वजाबाकीत ५० मिलिव्होल्टच्या घरातली छोटी साइन दिसेल. तो बँडविड्थमुळे होणारा उशीर आहे, त्याची चिंता नको. ८ ओलांडलंस की दर चढावर आणि उतारावर एक फुगवटा उभा राहील. ९ ला तो ०.७ व्होल्टच्या आसपास असावा.

गिरीश_नाशिक

माझाही असाच प्रॉब्लेम आहे म्हणून इथेच विचारतो. पायझोची चकती चालवतोय. टीएल ०७२ चा बफर, १० व्होल्ट पीक. टीएल ०७२ चा स्ल्यू रेट १३ आहे, म्हणजे सूत्रानं २०० किलोहर्ट्झ. पण माझ्याकडे ४० किलोहर्ट्झलाच त्रिकोण होतोय. मीटरवर चकती २२ नॅनोफॅरॅड दाखवते. आयसी डुप्लिकेट असेल का? मागे एका दुकानातून आणलेल्या टीएल ०७२ मध्ये भलताच आयसी निघाला होता, तो ०.५ नं पळत होता.

मेधा_अ‍ॅनालॉग

गिरीशजी, तुमच्याकडे चित्र सारखं आहे, कारण वेगळं. ओंकारच्या बफरमध्ये आतला कपॅसिटर भरायला वेळ लागतो. तुमच्याकडे बाहेरचा लागतोय. २२ नॅनोफॅरॅडवर ४० किलोहर्ट्झची १० व्होल्ट पीक साइन उभी करायला चढ लागतो २.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. कपॅसिटर गुणिले चढ म्हणजे करंट, तो होतो ५५ मिलिअँपिअर. टीएल ०७२ शॉर्टमध्येही २५ च्या आसपासच देतो. २५ भागिले २२ केलं की १.१ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात १० व्होल्ट पीक फार तर १८ किलोहर्ट्झपर्यंत निघते.

ओळखायचं सोपं आहे. चकती काढा. साइन परत आली तर दोष आयसीचा नाही. चकती नसतानाही त्रिकोण राहिला तर मग डुप्लिकेटचा संशय घ्या. चकतीसाठी आयसीच्या पुढे ट्रान्झिस्टरची जोडी लावून करंट वाढवावा लागेल. तो स्वतंत्र विषय आहे, नवा धागा काढलात तर मी तिथे लिहीन.

गिरीश_नाशिक

काढून पाहिली. चकतीशिवाय ४० काय, १०० लाही स्वच्छ आहे. दुकानदारावर उगाच संशय घेतला. नवा धागा काढतो.

ओंकार_तासगाव

वजाबाकी केली. ७.५ पर्यंत बारीक साइन होती. ८ च्या थोडं पुढे गेल्यावर एका बाजूला कुबड आलं, ९ ला ते पाऊण व्होल्टचं. आणि नुसत्या आउटपुटकडे बघितलं तर ९ ला काहीच कळत नव्हतं! आता ८ पटलं.

आता आयसीचं सांगा. १०० किलोहर्ट्झ, १० व्होल्ट पीक.

मेधा_अ‍ॅनालॉग

तेच सूत्र उलटं फिरव. ६.२८ × १ लाख × १० = ६.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. हे काठावरचं झालं. जरा मोकळीक ठेवायची तर १२ ते २० हवेत.

तुझ्या ७४१ च्या सॉकेटमध्ये तसाच बसणारा टीएल ०७१ घे. ठराविक स्ल्यू रेट १३, जुन्या डेटाशीटमध्ये किमान ८. किमान धरलं तरी १० व्होल्ट पीकला १२७ किलोहर्ट्झ मिळतात, ठराविक धरलं तर २०७. ऑफसेटचा पॉट लावला असशील तर तो काढून टाक, ७४१ चा त्याला चालत नाही. आणि इनपुट ऋण सप्लायच्या फार जवळ नेऊ नकोस. या आयसीत आउटपुट तिथे अचानक उलट्या टोकाला उडी मारतं. ±१५ वर १० पीकला अडचण नाही, पण ±१२ वर चालवणार असशील तर मी हा सल्ला देणार नाही.

सुहास_कराड

मी एलएम ३१८ सुचवेन. स्ल्यू रेट ७० ठराविक, ५० किमान. १० पीकला ८०० किलोहर्ट्झ तर कुठेच गेले नाहीत. पिनाही मुख्य त्याच आहेत. एकदाच काय ते काम करा.

मेधा_अ‍ॅनालॉग

आकडे बरोबर आहेत. पण विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये त्या पेटीला कोणी एक मीटरची केबल लावेल, कोणी ब्रेडबोर्ड. ३१८ वेगवान आहे आणि बफरमध्ये सहज ऑसिलेट होतो. सप्लायच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरॅड हवेत, वायरी तोकड्या हव्यात. स्ट्रिपबोर्डवरच्या ७४१ च्या जागी नुसता खुपसून चालेल असं मला वाटत नाही.

सुहास_कराड

माझ्या बेंचवर गेली कित्येक वर्षं एक ३१८ बफर म्हणून चालतोय, आउटपुटला ४७ ओहम लावून. ऑसिलेट झालेला पाहिला नाही. कपॅसिटर जवळ हवेत हे मात्र खरं.

राजाभाऊ_टीव्ही

दोन्ही आण पोरा. महाग नाहीत. आणि सॉकेट चांगलं वापर, जुन्या सॉकेटची पकड गेलेली असते. माझा सप्लायचा अंदाज चुकला, पण डोकं सपाट की बाजू सरळ हे लक्षात ठेवीन. इतकी वर्षं मी दोन्हीला क्लिपिंगच म्हणत होतो.

ओंकार_तासगाव

शनिवारी जाऊन आलो. टीएल ०७१ मिळाला, ३१८ दुकानात नव्हता. आउटपुटला सुहासदादांचे ४७ ओहम लावले, सप्लायला ०.१ मायक्रो.

१०० किलोहर्ट्झला पूर्ण २० व्होल्ट पीक-टू-पीक, डोळ्याला साइन. वजाबाकी केली आणि जरा घाबरलो, कारण फरक ०.३ व्होल्टच्या वर आहे. पण तो फरक स्वतः साइनसारखाच दिसतो, कुबड नाही. हे चालेल ना?

मग स्क्वेअर वेव्ह देऊन सरळ कडा मोजली. चढताना ११, उतरताना १४ च्या आसपास. दोन वेगळे आकडे का? आणि सूत्रात कुठला घालू?

मेधा_अ‍ॅनालॉग

०.३ ठीक आहे. टीएल ०७१ ची बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ धरली तर १०० किलोहर्ट्झला आउटपुट एक तीसांश रेडियन मागे राहतं, १० व्होल्ट पीकवर तो फरक ०.३३ होतो. फरक साइनच असेल तर तो नुसता उशीर आहे, आकार बिघडलेला नाही. पॉट निम्मा कर, फरकही निम्मा होईल. स्ल्यूचं कुबड तसं वागत नाही, निम्म्यावर आणलं की ते पार नाहीसं होतं.

सूत्रात लहान आकडा, ११. त्यातून १७५ किलोहर्ट्झ येतात. तुझे १०० त्याच्या जेमतेम सहा दशांशाच्या आत आहेत. फिल्टरच्या प्रयोगांना चालेल, डिस्टॉर्शन मोजायचा सोर्स म्हणून वापरू नका असं पेटीवर लिहून ठेव.

चढ-उतार वेगळे का, याचं माझं उत्तर अर्धवट आहे. बफरमध्ये इनपुटची जोडी स्वतःच सिग्नलबरोबर २० व्होल्ट वर-खाली होते. त्या जोडीला करंट पुरवणाऱ्या नोडवर थोडी कपॅसिटन्स असते. ती भरायचा करंट एका दिशेला मदत करतो, दुसऱ्या दिशेला आड येतो. तसं असेल तर उलट्या जोडणीत, गेन उणे १ ठेवून, जोडी जागेवरच राहते आणि दोन्ही कडा जवळ यायला हव्यात. दोन १० किलोओहम लावून बघशील का?

सुहास_कराड

मला वाटतं स्कोपच्या प्रोबचं कॉम्पेन्सेशन बघावं आधी.

मेधा_अ‍ॅनालॉग

तेही बघावं, पण प्रोब चुकला असता तर दोन्ही कडा सारख्याच चुकल्या असत्या.

ओंकार_तासगाव

उलट्या जोडणीचं सोमवारी लॅब उघडल्यावर करतो. दोन्ही कडांचे फोटो टाकेन.